नारायणाच्या नावांत बसवलेला बुद्ध

शासनाने सगळ्या धर्मांना सारखा मान दिला की धर्मनिरपेक्षता झाली, असं मी आयुष्याचा मोठा काळ मानत होते. नुसतं मानत नव्हते, तसं वागतही होते. एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी शिकवलं आणि पुढे तिथेच मुख्याध्यापिका झाले. रोज सकाळी परिपाठाला आम्ही राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि विनोबांची सर्वधर्म प्रार्थना घ्यायचो. शेकडो मुलं डोळे मिटून, हात जोडून उभी आहेत आणि एकाच सुरात हिंदूंच्या देवांबरोबर पारशांचा मज्द, ज्यूंचा देव, ख्रिश्चनांचा पिता, मुसलमानांचा रहीम, चिन्यांचा ताओ, शिखांचा अकाल यांची नावं घेत आहेत, हे पाहताना मला भरून यायचं. देशाने असंच असावं असं वाटायचं.

तेव्हा कुणी मला सोमनाथची गोष्ट सांगितली की मी राजेंद्रबाबूंच्या बाजूने उभी राहायची. मे १९५१ मध्ये नव्याने बांधलेल्या सोमनाथ मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेला राष्ट्रपतींनी जाऊ नये असं नेहरूंचं मत होतं. सौराष्ट्र सरकारने त्या समारंभासाठी सरकारी पैसा द्यायलाही त्यांचा विरोध होता. राजेंद्रप्रसाद तरीही गेले. बोलावलं तर मशिदीत किंवा चर्चमध्येही मी असाच जाईन, अशी त्यांची भूमिका होती. मला वाटायचं, यात गैर काय? सगळीकडे जाणारा राष्ट्रपती हा कुठेच न जाणाऱ्या राष्ट्रपतीपेक्षा मायेचा नाही का? नेहरूंची भूमिका मला कोरडी वाटायची. देवाधर्मापासून फटकून राहणारी, विलायतेहून आणलेली वाटायची. ते दोघे एका प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं देत होते, हे मला कळलंच नव्हतं. एकाच उत्तराचे हे दोन स्वभाव आहेत, असं मी धरून चालले होते.

हे मत कसं बदललं ते सांगायचं तर माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगावीच लागेल. ती लपवून मी पुढचं काही प्रामाणिकपणे लिहू शकणार नाही.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर होते. वर्ग नीटनेटका, मुलं त्यांच्यावर खूश, निकाल चांगला. परिपाठाला ते वेळेवर यायचे, राष्ट्रगीताला ताठ उभे राहायचे, प्रतिज्ञा खणखणीत म्हणायचे. प्रार्थना सुरू झाली की मात्र हात मागे बांधून, डोळे उघडे ठेवून उभे राहायचे. हात जोडायचे नाहीत, ओठ हलवायचे नाहीत. बाकीच्या शिक्षकांनी माझ्या कानावर घातलं. मी एकदा त्यांना सुचवून पाहिलं, मुलांसमोर बरं दिसत नाही म्हणून. ते म्हणाले, “मी गप्प उभा राहतो मॅडम, कुणाला अडथळा करत नाही.” मी तेव्हा विषय वाढवला नाही. पण वर्षअखेरीस त्यांचा गोपनीय अहवाल भरताना मी शेरा लिहिला: परिपाठात सहकार्य करत नाहीत.

तो शेरा लिहिताना मला जराही अपराधी वाटलं नाही. उलट, आपण उदार आहोत आणि हा माणूस संकुचित आहे, असं वाटलं. प्रार्थना एका धर्माची असती तर मी त्यांचा नकार समजून घेतला असता, असंही मी स्वतःला सांगितलं. सगळ्या धर्मांच्या प्रार्थनेला ज्याचा विरोध, तो कुणाचाच नाही, असा माझा हिशोब होता. त्या शेऱ्यामुळे त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी लांबली. माझ्या पेनाच्या चार शब्दांनी एका घराच्या मिळकतीला हात घातला, आणि तो हात सर्वधर्मसमभावाच्या नावाने घातला गेला.

शेरा कळवल्यावर ते कार्यालयात आले. चिडलेले नव्हते. मी चिडले असते. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही ती प्रार्थना कधी शब्द लक्षात घेऊन वाचलीत का?” मी म्हटलं, “रोज म्हणते की.” ते म्हणाले, “सुरुवात नारायणाने होते. आणि पुढे जी नावं येतात ती सगळी त्या नारायणालाच ‘तू’ म्हणून दिलेली आहेत. त्यात बुद्धही आहे.” मग थोडं थांबून म्हणाले, “माझे आजोबा छप्पन साली नागपूरला होते. बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली एक बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, ही आहे. आमच्या घरात ती लहानपणी पाठ करून घेतात. मी रोज सकाळी हात जोडून त्याच्या उलट म्हणू का?”

मला काही बोलता आलं नाही. मी त्यांना “बघते” म्हटलं आणि ते गेले.

त्या दिवशी कार्यालयात बसून मी ती नाममाला कागदावर लिहून काढली. तोंडपाठ असलेली गोष्ट लिहून पाहिली की परकी दिसते. खरंच, सगळी नावं एकाला उद्देशून होती. विनोबांच्या मनात काय होतं याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. त्या माणसाने कुराणाचा अभ्यास करून त्याचं सार काढलं, धम्मपदाची नवी मांडणी केली, जैनांच्या सर्व पंथांना मान्य होईल असा ‘समणसुत्तं’ हा संग्रह घडवून आणला. इतर धर्मांचा इतका आदर करणारी माणसं विरळा. आणि तरीही त्यांनी रचलेल्या प्रार्थनेत एक गोष्ट आधीच ठरून गेली होती, की सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात आणि त्या ठिकाणाला आपण नारायण म्हणू शकतो. ही श्रद्धा सुंदर आहे. पण ती एक श्रद्धा आहे. सगळ्या श्रद्धांच्या वर बसवता येईल असं सर्वांचं छप्पर ती नाही. ज्या बौद्धाला बुद्ध हा कुणाचा अवतार नको आहे, ज्या मुसलमानाला अल्लाहच्या नावाशेजारी दुसरं नाव ठेवणं मान्य नाही, ज्या जैनाच्या दर्शनात जगाचा निर्माता देवच नाही, आणि ज्याला मुळात देवच नको आहे, त्या सगळ्यांना मी रोज सकाळी माझ्या श्रद्धेच्या अंगणात उभं करून त्यांचा सन्मान करत होते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की मला हे कधी दिसलंच नव्हतं. वारकरी घरात वाढलेल्या मला ती प्रार्थना तटस्थ वाटली, कारण ती माझ्या घरच्या सुरात होती. ज्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही, तो सगळ्यांना समान वागवतोय असं समजत राहतो.

तरीही मी तो शेरा लगेच मागे घेतला नाही. हे लिहायला लाज वाटते. मनात पटलं होतं, पण शाळेची शिस्त, संस्थाचालक काय म्हणतील, इतर शिक्षकांना काय वाटेल, असे विचार करत राहिले. मग २०१३ मध्ये वर्तमानपत्रात नाशिकच्या एका शिक्षकाची बातमी वाचली. प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नाहीत म्हणून त्यांची वेतनश्रेणी अडवली होती. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हात जोडायची सक्ती करणं हा मूलभूत हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. बातमी वाचताना मला वाटलं, ती माझ्याच शाळेची आहे. फरक इतकाच, की आमचे सर कोर्टात गेले नव्हते.

त्या आठवड्यात मी संस्थेला पत्र लिहून तो शेरा काढून घेतला, आणि सरांची माफी मागितली. ती त्यांनी स्वीकारली. त्यापुढचं इथे सांगण्यासारखं नाही.

मग मी राज्यघटना उघडली. मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शाळेची मुख्याध्यापिका असून मी अनुच्छेद २८ कधी शेवटपर्यंत वाचला नव्हता. त्यात दोन वेगळे नियम आहेत आणि ते वेगळे का आहेत हे कळलं की बाकीचं बरंच उलगडतं. पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही, हा पहिला. म्हणजे जिल्हा परिषदेच्या किंवा सरकारी शाळेत सगळ्यांच्या संमतीनेही नाही. आमच्यासारख्या शासनमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या खासगी शाळांसाठी दुसरा. अशा शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना होऊ शकते, पण कुणालाही त्यात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावायचं नाही, त्याची स्वतःची आणि तो अज्ञान असेल तर पालकाची संमती असल्याशिवाय. लक्षात घ्या, इथे अट विचारून घेण्याची आहे, नाही म्हणण्याची नाही. एखाद्या मुलाने नकार दिला नाही म्हणजे त्याने संमती दिली, असं घटना म्हणत नाही. इतक्या वर्षांत मी एकाही पालकाला विचारलं नव्हतं.

हा अनुच्छेद घटना समितीत ७ डिसेंबर १९४८ रोजी चर्चेला आला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी दिलेलं उत्तर मी शासनाने छापलेल्या त्यांच्या भाषणांच्या खंडात शोधून वाचलं. सरकारी शाळांत धार्मिक शिक्षण का नको, याची त्यांनी दिलेली कारणं मला अपेक्षित होती त्यापेक्षा कडक होती. एखाद्या धर्मासाठी कर घ्यायचा नाही असं आपण ठरवलं असेल, तर करातून आलेला पैसा धार्मिक शिक्षणावर खर्च करणं त्याच्या विरुद्ध जातं, हे एक. दुसरं व्यवहाराचं: इतके धर्म आणि पंथ असताना सगळ्यांना शिकवणं जमणार नाही, आणि फक्त बहुसंख्यांचं शिकवलं तर इतरांवर अन्याय होईल. तिसरं कारण मी दोनदा वाचलं. इथले धर्म आपलाच मार्ग मोक्षाचा आणि बाकीचे चुकीचे असं सांगतात, त्यामुळे एकमेकांच्या संबंधात ते समाजविघातक ठरतात, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं. आणि त्याच उत्तरात त्यांनी धार्मिक शिक्षण आणि धर्मांचा अभ्यास यांच्यात भेद केला होता. अभ्यासाला त्यांची हरकत नव्हती. हा भेद मला पुढे फार उपयोगी पडला.

माझा प्रश्न मात्र उरलाच होता. आपल्या घटनेने नेमकं काय स्वीकारलं आहे? धर्म आणि शासन यांची फारकत, की सर्व धर्मांना समान आदर? शोधता शोधता मला दोन तारखांच्या मध्ये उत्तर सापडलं. १९४८ च्या डिसेंबरमध्ये प्रा. के. टी. शहा यांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली होती, की राज्याचा कोणत्याही धर्माशी, पंथाशी काही संबंध असणार नाही असं घटनेत लिहावं. ती फेटाळली गेली. म्हणजे फारकतीची व्याख्या आपण नाकारली. मग १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आला, पण व्याख्येविना. १९७८ मध्ये जनता सरकारने एका विधेयकात व्याख्या सुचवली: ज्या प्रजासत्ताकात सर्व धर्मांना समान आदर असतो, ते धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताक. लोकसभेत ते मंजूर झालं, राज्यसभेने ती व्याख्या गाळली. म्हणजे माझी आवडती व्याख्याही घटनेत शिरू शकली नाही. तीस वर्षांच्या अंतराने दोन्ही दारांवर थाप पडली आणि दोन्ही उघडली नाहीत. पुढे अशा वादांत न्यायालयं कधी या अर्थाकडे झुकली, कधी त्या. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेचा वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या घटनापीठाकडे सोपवला, कारण तिथेही प्रश्न हाच आहे: संस्कृतात असलेली, सगळ्यांचं भलं मागणारी प्रार्थना ही एका धर्माची, की सगळ्यांची?

या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेने १९६२ मध्ये देऊन टाकलं आहे. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने सरकारी शाळांसाठी एक प्रार्थना तयार केली होती. बावीस इंग्रजी शब्दांची. कुठल्या पंथाचं नाव नाही, ख्रिस्ताचा उल्लेख नाही, फक्त सर्वशक्तिमान देवाकडे आशीर्वाद मागितलेला. ज्या मुलाला म्हणायची नसेल त्याने गप्प राहावं किंवा बाहेर जावं, अशी सोयही होती. काही पालक कोर्टात गेले आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती प्रार्थना बंद केली. लोकांनी म्हणायच्या प्रार्थना लिहिणं हे सरकारचं कामच नाही, हा न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालाचा गाभा. प्रार्थना कितीही सर्वसमावेशक असो. मी हे वाचलं तेव्हा माझी मूळची समजूत पूर्ण ढासळली. कारण त्या मंडळाने जे केलं तेच मी करत होते, आणि चांगल्या हेतूनेच. समभावाच्या प्रार्थनेतला धोका तिच्यातल्या नावांच्या यादीत नाही. कोणती नावं यादीत बसवायची हे कुणीतरी अधिकारी माणूस ठरवतो, धोका तिथे आहे. समान आदर द्यायचा तर आधी कोण कोण आदरणीय आहे याची मोजणी करावी लागते, आणि ती मोजणी शासनाच्या हातात जाते. आदिवासी मुलाचा देव माझ्या प्रार्थनेत नव्हता. देव न मानणाऱ्या मुलाला तर जागाच नव्हती, आणि पुढेही मिळाली नसती, कारण यादी देवांची होती.

मी प्रार्थना बंद केली. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, आणि त्यानंतर थोडा वेळ शांतता. ज्याला मनात जे म्हणायचं असेल ते म्हणावं. माझ्या मनात मी आता नेहरूंची झाले होते आणि त्याचा मला अभिमान वाटत होता.

तो अभिमानही टिकला नाही. प्रार्थना बंद झाल्यावर काही दिवसांनी आठवीतल्या एका मुलीचे वडील भेटायला आले. गावात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. मला वाटलं, प्रार्थना बंद केल्याबद्दल आभार मानायला आले असतील. ते म्हणाले, “बाई, ती प्रार्थना का काढली? शाळेत आमचं नाव घ्यायची तेवढीच एक जागा होती.” मी त्यांना समजावू लागले, की त्यांच्या मुलीला परक्या देवाची नावं घ्यावी लागत होती. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “ते आमच्या लक्षात होतं. पण बाकीच्या पोरांच्या तोंडी ‘रहीम’ येत होतं. आता कुठं येणार?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घटनेचा अनुच्छेद त्यांना वाचून दाखवणं म्हणजे सरांसमोर केलेली चूक उलट्या दिशेने करणं होतं. मी फारकतीचा विचार करताना एकच बाजू पाहिली होती: शासन कुणाच्याही देवापुढे झुकलं नाही की सगळे समान होतात. पण ज्या गावात भिंतीवरचं चित्र, मैदानावरची घोषणा, सहलीचं ठिकाण, गॅदरिंगमधलं गाणं सगळं एकाच धर्माच्या घरातून येतं, तिथे शाळेने तोंड मिटून घेतलं तर शांतता सगळ्यांची होत नाही. जे आधीपासून सगळीकडे आहे तेच तेवढं उरतं. समभावाच्या प्रार्थनेने सरांवर अन्याय केला होता, हे खरं. पण तिने त्या मुलीच्या वडिलांना काहीतरी दिलं होतं, हेही खरं, आणि मी ते विचार न करता काढून घेतलं होतं.

आंबेडकरांनी केलेला भेद तेव्हा हाताशी आला. उपासना नको, पण ओळख हवी. आठवड्यातून एकदा परिपाठात एका मुलाने किंवा मुलीने आपल्या घरातला एखादा सण, एखादी रीत, एखादी गोष्ट सांगायची, असं आम्ही सुरू केलं. हात जोडायचे नाहीत, कुणी काही म्हणायचं नाही, फक्त ऐकायचं आणि प्रश्न विचारायचे. त्या शिंप्याच्या मुलीने रोजा आणि इफ्तारीबद्दल सांगितलं, तेव्हा ‘रहीम’ हा शब्द आला. सरांच्या पुतणीने १४ एप्रिलबद्दल सांगितलं. एक मुलगा म्हणाला, आमच्या घरी कुणी देवाला मानत नाही, माझे बाबा अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात. मुलांनी त्याला खूप प्रश्न विचारले. हे पुरेसं आहे असा माझा दावा नाही. पण प्रार्थनेत न बसणारी माणसं इथे बसली.

आता माझं मत विचाराल तर मी असं म्हणेन: समान आदर हा माणसांनी एकमेकांना द्यायचा असतो. मी माझ्या शेजाऱ्याच्या घरी ईदला जाते, ते माझ्याकडे दिवाळीला येतात, ते खरं आहे आणि त्यात मला शासन नको आहे. शासनाकडून मला आदर नको, हक्क हवा. त्याच्या दारात उभं राहताना कुणालाही, कुणाच्याही नावापुढे हात जोडावे लागू नयेत. इथपर्यंत माझं मत पक्कं झालं आहे.

पण फारकत म्हणजे शासनाने धर्माच्या वाटेला कधीच जाऊ नये, असं मी म्हणू शकत नाही, आणि याचं कारण पंढरपूर आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषण केलं. दहा दिवसांनी ते सुटलं, मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजनांच्या मंदिर प्रवेशाचा कायदा केला. पुढे घटनेच्या अनुच्छेद २५ मध्येच लिहिलं गेलं, की सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सगळ्या वर्गांना खुल्या करणारा कायदा राज्य करू शकतं. संपूर्ण फारकत असती, धर्माच्या आतल्या व्यवहाराशी शासनाचा काही संबंध नाही असा नियम असता, तर गुरुजींच्या उपोषणामागे कायदा उभा राहू शकला नसता. जे गुरुजींना मान्य होतं ते पुजाऱ्यांना मान्य नव्हतं, आणि पुजाऱ्यांनी धर्मस्वातंत्र्याचं नाव घेतलं असतं. के. टी. शहांचं कलम फेटाळलं गेलं ते मला आता योग्य वाटतं. मंदिराच्या आत माणसाला माणूस म्हणून नाकारलं जात असेल तर शासनाने दार ठोठावलं पाहिजे. आत गेल्यावर पूजा कशी करायची हे मात्र त्याने सांगायचं नाही. या दोन गोष्टींतली रेघ आखणं सोपं नसतं. न्यायालयांनी अमुक प्रथा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे की नाही हे ठरवायला घेतलं, तेव्हा न्यायाधीशांनाच धर्मशास्त्री व्हावं लागलं, आणि ती अडचण अजून संपलेली नाही. पण रेघ आखणं अवघड आहे म्हणून ती आखूच नये, असं मला पटत नाही.

पंढरपूर म्हटलं की आणखी एक गोष्ट येते, आणि तिच्याबद्दल मत द्यायला मी सगळ्यात जास्त कचरते. आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात. रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला सोबत पूजेचा मान मिळतो. माझे वडील वारी करायचे. ती पूजा मी लहानपणापासून ऐकत आणि नंतर पाहत आले आहे, आणि तिच्याबद्दल मला माया आहे. राज्याचा सगळ्यात मोठा माणूस विठ्ठलापुढे वाकतो, यात मला कायम नम्रता दिसली.

आता मला त्यात ती पहिली प्रार्थनाही दिसते. मुख्यमंत्री माणूस म्हणून भक्त असेल तर त्याने दर्शनाला जावं, रांगेत उभं राहावं, वारीत चालावं, मला आनंदच आहे. पण ‘शासकीय’ हा शब्द लावून जी पूजा होते, ती राज्यातल्या प्रत्येकाच्या नावाने होते. आमच्या सरांच्या नावानेही. त्या शिंप्याच्या नावानेही. आमचे वारकरी नातेवाईक म्हणतात, मग ईदच्या शुभेच्छा देणंही बंद करा. मी त्यांना म्हणते, शुभेच्छा देणं आणि नमाज पढणं यात फरक आहे; मुख्यमंत्री शासकीय नमाज पढले तर तुम्हाला चालेल का? यावर घरात कुणी बोलत नाही, आणि मलाही जिंकल्यासारखं वाटत नाही. विठ्ठलाच्या पूजेबद्दल असं बोलताना माझी जीभ अडखळते, वडील असते तर त्यांना दुखलं असतं हे मला ठाऊक आहे. तरीही त्या पूजेतून ‘शासकीय’ हा शब्द काढावा, असं माझं मत आहे, आणि ते मी पहिल्यांदाच असं लिहून ठेवते आहे.